शेजारच्या दुकानासोबत मिळून गिव्हअवे करायचा आहे, इन्स्टा-फेसबुकच्या नियमात अडकायचं नाही

फराळघर_नौपाडा

मंडळी, सल्ला हवा आहे. ठाण्यात राम मारुती रोडच्या एका गल्लीत माझं फराळाचं आणि सुक्या खाऊचं छोटं दुकान आहे. शेजारी एका काकांचं साड्यांचं दुकान. मधे एकच भिंत, आणि गिऱ्हाईकही बरंचसं सामाईक. साडी बघायला आलेल्या बायका माझ्याकडून चकली घेऊन जातात, माझ्याकडे चिवडा घ्यायला आलेल्या त्यांच्या दारातली साडी बघून थांबतात.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी दोघांनी मिळून इन्स्टाग्रामवर गिव्हअवे करायचं ठरलंय. तीन विजेते. प्रत्येकीला माझ्याकडून फराळाचा डबा, साधारण ९०० रुपयांचा, आणि काकांकडून १५०० ची एक कॉटन साडी. काकांच्या भाच्याने नियम लिहून दिले आहेत, ते असे: दोन्ही पेज फॉलो करा, पोस्ट लाइक करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, पोस्ट स्टोरीला टाका. गूगलवर दोन्ही दुकानांना पाच स्टारचा रिव्ह्यू दिला तर नावाची एक जादा चिठ्ठी. ५०० ची खरेदी केली तर आणखी दोन चिठ्ठ्या.

काकांना हे फार आवडलंय. माझ्या मनात धाकधूक आहे. गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीचं अकाउंट ऐन सीझनमध्ये बंद झालं होतं. माझे चार वर्षांत जमवलेले ४,१०० फॉलोअर आहेत आणि दिवाळीच्या निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. यातलं काय चालतं, काय चालत नाही?

मुग्धा_व

ताई, हे सगळेच करतात. माझ्या फीडमध्ये रोज एक गिव्हअवे असतो, तीन टॅग, स्टोरी, सगळं असतं. कुणाला काही झालेलं पाहिलं नाही. बिनधास्त करा आणि इथे पण लिंक टाका.

पारसिक

मुग्धाताई, बहुतेकांना काही होत नाही हे खरं. पण ज्याचं होतं त्याला दाद मागायला खिडकी नसते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी सात-आठ दुकानांची पेजेस सांभाळतो, त्यातून शिकलेलं आहे.

पहिल्यांदा गूगल रिव्ह्यूची अट काढून टाका. आजच्या आज. अख्ख्या यादीतली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट, फुकट वस्तू असं काहीही द्यायला गूगलची सरळ मनाई आहे, आणि बक्षिसाची जादा चिठ्ठी त्यातच मोडते. "पाच स्टार" हा शब्द नसता तरी मनाई आहेच. हे उघड होणंही अवघड नसतं. एरवी महिन्याला दोन-तीन रिव्ह्यू येणाऱ्या दुकानाला आठवड्यात साठ आले, तेही भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन दुकानांना त्याच माणसांकडून, तर ते डोळ्यावर येणारच. मग नवे रिव्ह्यू गळतात, कधी जुने खरेही त्यांच्यासोबत जातात. काही दिवस नवा रिव्ह्यू घेणंच बंद होऊ शकतं, आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना तुमच्या प्रोफाइलवर लोकांना दिसू शकते. दिवाळीच्या तोंडावर "नौपाडा फराळ" शोधणाऱ्याला पहिलं तेच दिसलं तर?

बाकीचं संध्याकाळी लिहितो, दुकानं उघडायची वेळ झाली.

सीवूड्सकर

पारसिक म्हणतात ते आमच्या बाबतीत झालंय. नवी मुंबईत माझ्या भावाचा कॅफे आहे, वरच्या मजल्यावर जिम. दोघांनी मिळून "रिव्ह्यू दाखवा, कॉफी फुकट" असं दहा दिवस चालवलं. चाळीसेक रिव्ह्यू आले. तीन आठवड्यांनी बघतो तर त्यातले बहुतेक गायब, आणि त्यांच्यासोबत दोन वर्षांपूर्वीचे मनापासून लिहिलेले, फोटोंसकट असलेले पाच-सहाही गेले. ते परत आले नाहीत. एका बाईंनी तिच्या वडिलांच्या पंच्याहत्तरीबद्दल लिहिलं होतं, तो गेल्याचं भावाला अजून वाईट वाटतं.

अण्णा_चरई

फराळघर, मी चरईतच राहतो, तुमचं दुकान कुठलं ते ओळखलं बहुतेक. अनारसे करता का? दिवाळीला पाच डबे लागतील. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये येऊन फुकट नमुने वाटलेत तर मी सेक्रेटरींशी बोलतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. इन्स्टाग्रामपेक्षा तोच गिव्हअवे बरा.

फराळघर_नौपाडा

अण्णा, अनारसे करते, पण आठ दिवस आधी सांगावं लागेल. तांदूळ तीन दिवस भिजवायला लागतात. सोसायटीचंही नक्की करू, पण हा प्रश्न ऑनलाइन सोडतीचा आहे.

पारसिकदादा, रिव्ह्यूची अट काढली. काकांना सांगितलं, ते थोडे खट्टू झाले. टॅगचं काय ते लिहा ना.

रोहन_कळवा

इन्स्टाग्रामवर टॅग करायला सांगणंच बंद आहे. नियमातच आहे, "टॅग करायला लावू नका". मी वाचलंय.

पारसिक

रोहन, अर्धं बरोबर आहे. इन्स्टाग्रामच्या प्रमोशनच्या नियमात टॅगबद्दल जे आहे ते चुकीच्या टॅगबद्दल आहे. म्हणजे फोटोत जो माणूस नाहीच त्याला फोटोवर टॅग करायला लोकांना सांगू नका. साडीच्या फोटोवर "स्वतःला टॅग करा आणि जिंका" हे चालणार नाही. कमेंटमध्ये मैत्रिणीचं नाव लिहिणं ही वेगळी गोष्ट, त्याला तिथे मनाई नाही.

मनाई आहे ती फेसबुकवर. फेसबुकच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की सोडतीसाठी लोकांची वैयक्तिक टाइमलाइन आणि मित्रयादी वापरायची नाही. "तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा", "मित्राच्या टाइमलाइनवर शेअर केलंत तर जादा संधी", "मित्रांना टॅग करा", ही तिन्ही उदाहरणं तिथे नावानिशी दिली आहेत. फेसबुकच्या पेजवर पोस्ट लाइक करा, पोस्टखाली कमेंट करा, एवढंच सांगायचं.

आता ताई, तुमच्यासारख्यांचं घोडं जिथे अडतं ते सांगतो. तुमचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज जोडलेलं आहे ना? पोस्ट टाकताना खाली "फेसबुकवरही" असं बटण असतं, ते बहुतेकांचं कायम चालू राहिलेलं असतं. तुम्ही इन्स्टाग्रामसाठी लिहिता, "तीन मैत्रिणींना टॅग करा", आणि तोच मजकूर जसाच्या तसा फेसबुक पेजवर जाऊन बसतो. इन्स्टाग्रामवर चालणारी ओळ तिथे नियमभंग ठरते आणि तुम्हाला पत्ताही नसतो. एका दुकानदाराचं मी हेच पाहिलं. इन्स्टाग्रामच्या पोस्टला काही झालं नाही, फेसबुकवरची काढली गेली. ते मात्र चार दिवस इन्स्टाग्रामच्या नियमात चूक शोधत बसले होते.

म्हणून या एका पोस्टपुरतं ते बटण बंद करा. फेसबुकवर टाकायचंच असेल तर वेगळा मजकूर लिहून हाताने टाका.

फराळघर_नौपाडा

आत्ता बघितलं. बटण चालूच होतं. माझ्या रोजच्या सगळ्या पोस्ट फेसबुकवर जातात, मी दोन वर्षं तिकडे फिरकलेही नाही.

मुग्धा_व

हे मला माहीत नव्हतं. माझा शब्द मागे घेते. पण टॅग तीनच का? एक पुरे ना. तीन म्हटलं की लोक ओळख नसलेल्यांनाही ओढतात. मला कुणी असं टॅग केलं की मी त्या दुकानाचाच राग धरते.

पारसिक

शंभर टक्के. एक टॅग, तोही ऐच्छिक ठेवा. आणि टॅगपेक्षा प्रश्न विचारा. "तुमच्या घरी दिवाळीच्या पहिल्या दिवशी ताटात पहिलं काय वाढतात?" याला माणसं मनापासून उत्तर देतात. "टॅग करा, शेअर करा, कमेंट करा" असं ओरडणाऱ्या पोस्ट फेसबुक २०१७ च्या डिसेंबरपासून मुद्दाम मागे ढकलतंय, त्यामुळे तशा मजकुराचा पोहोचण्याच्या दृष्टीनेही उपयोग नाही.

स्टोरीची अटही सोडा. चोवीस तासांनी स्टोरी जाते. ज्यांचं अकाउंट खाजगी आहे त्यांची तुम्हाला दिसत नाही. मग कुणी टाकली, कुणी नाही, हे तपासायचं कसं? जे तपासता येत नाही ते नियमात लिहायचंच नाही. "मी टाकली होती, तुम्हीच बघितली नाही" असं भांडण कमेंटमध्ये सुरू झालं की दोन्ही दुकानांची अब्रू जाते.

वाशीची_वृंदा

दुसरं एक सांगते, कुणी अजून विचारलं नाही म्हणून. पोस्ट कुणाच्या अकाउंटवरून टाकणार?

आम्ही शेजारच्या दुकानासोबत असाच गिव्हअवे केला. कोलॅब पोस्ट होती, त्यांनी टाकली, मी आमंत्रण स्वीकारलं, दोन्ही पेजवर दिसत होती. ३४० च्या आसपास कमेंट झाल्या. सातव्या दिवशी त्यांच्याकडच्या नव्या मुलाने "फीड नीट दिसत नाही" म्हणून ती पोस्ट डिलीट केली. माझ्या पेजवरूनही गेली, कारण मालक ते होते. डिलीट केलेली पोस्ट तीस दिवस "रिसेंटली डिलीटेड"मध्ये असते हे मला नंतर कळलं, तोवर महिना उलटून गेला होता. लोक मला मेसेज करत होते की ताई, बक्षीस द्यायचं नव्हतं तर सांगायचं. काय उत्तर देणार? शेवटी मी माझ्या खर्चाने दोन जणींना बक्षीस दिलं, पण त्या लोकांच्या मनातून ते गेलं असेल असं मला वाटत नाही.

पारसिक

वृंदाताई, हे फार महत्त्वाचं आहे. फराळघर, दोघांपैकी ज्याच्याकडे अकाउंट एकच माणूस हाताळतो, त्याने पोस्ट टाकायची आणि दुसऱ्याने कोलॅब स्वीकारायचा. तुमच्याकडे तुम्ही एकट्या, काकांकडे भाचा आणि बहुतेक आणखी कुणी. तेव्हा तुम्हीच टाका. शिवाय रोज रात्री सगळ्या कमेंट खालपर्यंत सरकवत मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. पोस्टला काही झालं तरी नावं हातात राहतात.

वकिलीण_घोडबंदर

खरेदीच्या चिठ्ठ्यांबद्दल कुणी बोललं नाही. ५०० ची खरेदी करा आणि नशिबाने बक्षीस मिळवा, ही अट काढा अशी कळकळीची विनंती. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस म्हटलं की ते लॉटरीच्या अंगाने जातं, आणि त्याचे कायदे वेगळे आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत २९४-अ होतं, आता न्याय संहितेत कलम २९७ आहे.

दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत. माल खपवण्यासाठी स्पर्धा, लॉटरी, नशिबाचे किंवा कौशल्याचे खेळ भरवणं ही एक. आणि बक्षीस योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं ही दुसरी. म्हणजे निकाल जिथे योजना जाहीर केली तिथेच, ठळकपणे आणि लवकर सांगायचा. फक्त विजेतीला मेसेज करून गप्प बसायचं नाही.

रोहन_कळवा

पण मग पहिल्या गोष्टीत फुकट सोडतसुद्धा येते की. "नशिबाचे किंवा कौशल्याचे" म्हटल्यावर काहीच उरत नाही. मॉलमध्ये तर प्रत्येक दिवाळीला लकी ड्रॉ असतो.

वकिलीण_घोडबंदर

शब्दशः वाचलं तर व्याख्या रुंद आहे, मान्य. व्यवहारात माझा सल्ला असा असतो की भाग घ्यायला एक पैसाही लागू नये, वस्तू घेण्याची अट नसावी, आणि बक्षिसाचा खर्च मालाच्या किमतीत घातलेला नसावा. एवढं केलं की धोका बराच खाली येतो. शून्य होतो असं मी म्हणणार नाही. रक्कम मोठी असेल तर आपल्या वकिलांना आणि सीएंना विचारूनच करा.

अण्णा_चरई

बक्षिसावर टॅक्स असतो ना? माझ्या मेहुण्याला स्कूटर लागली होती, आधी टॅक्स भरा मग चावी घ्या म्हणाले.

वकिलीण_घोडबंदर

अण्णा, ते दहा हजारांच्या वरच्या बक्षिसाला. त्यावर ३० टक्के टीडीएस, आणि वस्तू असेल तर टॅक्स भरल्याची खात्री करूनच ती द्यायची. इथे एकीला २,४०० चं बक्षीस आहे, तो प्रश्न येत नाही.

फराळघर_नौपाडा

काल रात्री काका, भाचा आणि मी दुकानात बसलो. तुमची उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. खरेदीच्या चिठ्ठ्या जाणार म्हटल्यावर काका म्हणाले, "मग मला काय मिळालं?" तेव्हा भाच्यानेच सुचवलं की बक्षीस दुकानातूनच न्यायचं, आणि साडी विजेतीने दुकानात येऊन स्वतः निवडायची. ती एकटी येणार नाही, सोबत कुणीतरी असणारच. काकांना ते पटलं.

आता मजकूर असा केलाय, बघा बरं:

"फराळघर आणि शेजारचं साडीचं दुकान, दोघांकडून दिवाळीची भेट. तीन विजेत्यांना प्रत्येकी एक फराळाचा डबा आणि एक कॉटन साडी. भाग घ्यायला दोन्ही पेज फॉलो करा आणि खाली कमेंटमध्ये सांगा, तुमच्या घरी दिवाळीच्या पहिल्या दिवशी ताटात पहिलं काय वाढतात? वाटल्यास एका मैत्रिणीलाही बोलवा. काहीही विकत घेण्याची गरज नाही. एका अकाउंटचं एकच नाव धरलं जाईल. वय १८ पूर्ण हवं. बक्षीस नौपाड्यातल्या दुकानातूनच न्यायचं आहे. आमच्या दोन्ही दुकानांतले कर्मचारी आणि घरचे यात नाहीत. या उपक्रमाला इन्स्टाग्रामचं प्रायोजकत्व किंवा पाठिंबा नाही, इन्स्टाग्राम तो चालवत नाही आणि त्याचा इन्स्टाग्रामशी काही संबंध नाही. भाग घेणाऱ्याने इन्स्टाग्रामला यातल्या सर्व जबाबदारीतून मुक्त केलं आहे."

पारसिक

फारच छान. शेवटची दोन वाक्यं बहुतेक लोक विसरतात आणि ती इन्स्टाग्रामने मागितलेलीच आहेत.

तीन गोष्टी राहिल्या. कधी संपणार ते दिवस आणि वेळेसकट लिहा, "रविवारपर्यंत" नको, "रविवारी रात्री ९ वाजेपर्यंत" हवं. निकाल कधी आणि कुठे, तेही लिहा. आणि बक्षीस किती दिवसांत न्यायचं? फराळ आहे, महिनाभर ठेवता येणार नाही. सात दिवस द्या, नाही आलं तर राखीव नाव.

आणि एक ओळ ठळक घाला: "आम्ही विजेत्यांकडून पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागत नाही." पोस्ट चालली की तुमच्या नावात एखादा टिंब किंवा खालची रेघ जादा घालून कुणीतरी खोटं अकाउंट काढतंच. तुमचाच फोटो लावतं आणि कमेंट करणाऱ्यांना मेसेज पाठवतं, तुम्ही जिंकलात, या लिंकवर पाठवणीचे ४९ रुपये भरा.

मुग्धा_व

हे खरं आहे, माझ्या वहिनीला असा मेसेज आला होता. नशिबाने तिने आधी दुकानात फोन केला.

सीवूड्सकर

कमेंटला उत्तर देताना एकच वाक्य कॉपी-पेस्ट करू नका. भावाने शंभरेक जणांना "धन्यवाद, शुभेच्छा!" टाकलं, मधेच Try again later आलं आणि दोन दिवस ना कमेंट करता आली ना लाइक. ऐन वेळी अडकायला होतं.

वाशीची_वृंदा

आणि विजेता काढायचा कसा? चिठ्ठ्या की अॅप? बाहेरच्या अॅपला अकाउंटचा पासवर्ड देऊ नका एवढं मी सांगेन.

पारसिक

दोनशेच्या आत नावं असतील तर शीटमध्ये हाताने उतरवा, दोनदा आलेली काढा, ओळींना क्रमांक द्या. मग लाइव्ह जाऊन यादी दाखवा आणि रिकाम्या चौकटीत हे लिहा, शेवटचा आकडा तुमच्या यादीचा:

```
=RANDBETWEEN(1,164)
```

एक लक्षात ठेवा, शीटमध्ये दुसरीकडे काहीही टाइप केलंत की हा आकडा बदलतो. लाइव्ह चालू असताना आकडा आला की लगेच मोठ्याने वाचा आणि कागदावर लिहा. नाहीतर लोक म्हणतील, आवडीचं नाव येईपर्यंत फिरवत बसलात.

अण्णा_चरई

त्यापेक्षा स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या आणि एका लहान मुलीच्या हाताने उचलणं. बघणाऱ्याला ते लगेच पटतं.

फराळघर_नौपाडा

अण्णांचं ऐकलं. सोडत झाली, म्हणून परत लिहायला आले.

पोस्ट मी टाकली, काकांनी कोलॅब स्वीकारला, फेसबुकचं बटण बंद ठेवलं. १८७ कमेंट आल्या, २३ पुन्हा आलेल्या काढल्यावर १६४ नावं उरली. शंकरपाळ्यांच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या आणि काकांच्या नातीने लाइव्हमध्ये तीन उचलल्या, शिवाय दोन राखीव. त्याच पोस्टच्या मजकुरात वर निकाल लिहिला आणि वेगळी पोस्टही टाकली.

लाइव्ह संपून तासही झाला नव्हता, तर खोटं अकाउंट आलं. माझ्या नावापुढे एक टिंब जादा. चौघींना मेसेज गेले होते. तिघींनी ती ठळक ओळ वाचली होती म्हणून मलाच विचारलं. एकीने पैसे भरले, १९९ रुपये. मला फार वाईट वाटलं. तिला सायबर फसवणुकीच्या १९३० वर तक्रार करायला सांगितलं, आम्ही सगळ्यांनी मिळून ते अकाउंट रिपोर्ट केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेलं. पुढच्या वेळी ती ओळ मजकुराच्या तळाला नाही, फोटोवरच लिहिणार.

एक विजेती सात दिवसांत आली नाही, राखीव नाव लागलं. ऐरोलीच्या ताई, सासूबाईंना घेऊन आल्या. साडी निवडायला दोघींना सव्वा तास लागला. सासूबाईंनी स्वतःसाठी एक वेगळी घेतली, पैसे देऊन.

वाशीची_वृंदा

वा! आणि फॉलोअर?

फराळघर_नौपाडा

माझे २१० वाढले, काकांचे साडेतीनशे. निकालानंतर आठवडाभरात माझे साठेक गळले. हे थांबवायचा काही मार्ग आहे का, की तेवढे जाणारच?

रोहन_कळवा

गिव्हअवेला आलेले थोडे जातातच. ताटात पहिलं काय वाढतात याची उत्तरं मात्र मी सगळी वाचली. निम्म्यांनी कारीट फोडल्याशिवाय खायचंच नाही असं लिहिलंय.

अण्णा_चरई

माझे अनारसे कधी मिळतील?

फराळघर_नौपाडा

शनिवारी, अण्णा. पीठ आज मुरायला ठेवलंय.